एका मिक्सरमागच्या चार नोकऱ्या

बी.कॉम. झालेल्या मुलाला घरचे बँकेच्या परीक्षा, सीए किंवा कुठल्यातरी ऑफिसातलं अकाउंट्सचं टेबल सुचवतात. सप्लाय चेनचं नाव सहसा निघत नाही, कारण ते इंजिनिअरांचं काम समजलं जातं. प्रत्यक्षात तिथला बराचसा दिवस साठा, बिलं आणि अडकलेला पैसा यांचा मेळ घालण्यात जातो. समजा, एका कंपनीचे मिक्सर भिवंडीच्या गोदामातून नागपूरला जायचे आहेत.

किती मिक्सर लागतील, हे ठरवतो प्लॅनर. आठवड्याला 1,000 खपतात आणि कारखान्याकडून माल यायला तीन आठवडे लागतात, म्हणजे 3,000 हवेत; मागणी अचानक वाढली तर हाताशी असावेत म्हणून आणखी 800. हातातला आणि वाटेवरचा मिळून साठा 3,800 वर आला की नवी ऑर्डर टाकायची. गणित सोपं आहे, गोची आहे ती त्या 1,000 च्या आकड्यात. महिनाअखेरीला टार्गेट गाठायला विक्री विभाग डीलरच्या गळ्यात माल मारतो. बिलं फाटतात, पण मिक्सर डीलरच्या गोदामात पडून राहतात. या बिलांवर विसंबलेला प्लॅनर दिवाळीनंतरही भरपूर माल मागवतो आणि जानेवारीत डीलर ऑर्डरच देत नाहीत. येणेकऱ्यांची खाती पाहायची सवय असलेल्याला हा फुगवटा लवकर दिसतो: विक्री वाढली, वसुली मात्र जागच्या जागी. तरीही फ्रेशरला हे टेबल सहसा थेट मिळत नाही. मोठ्या कंपन्या तिथे एमबीए किंवा इंजिनिअर पसंत करतात.

खरेदी विभागात वाणिज्य शाखेचं शिक्षण सर्वांत सरळ उपयोगी पडतं. मिक्सरच्या खोक्याचे दोन भाव आलेत असं धरू. एकजण पोच 50 रुपयांत देतो. दुसरा 47 सांगतो, वर दोन रुपये भाडं, आणि एकदम 20,000 खोकी घ्यायची अट. महिन्याची गरज 4,000 ची, म्हणजे हा पाच महिन्यांचा साठा झाला. खोक्यामागे एक रुपया, म्हणजे 20,000 रुपये वाचले असं वाटतं. पण सरासरी जवळपास पाच लाख रुपये पाच महिने अडकतात आणि 10 टक्क्यांनी त्याचं व्याजही 20,000 च्या आसपास जातं. पावसाळ्यात भिजलेली खोकी वेगळीच. शिवाय पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी करार असताना कमाल 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. 1 एप्रिल 2024 पासून असं मुदत उलटून थकलेलं बिल, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत प्राप्तिकरासाठी खर्चात धरता येत नाही. हे ठाऊक असलेला उमेदवार मुलाखतीत वेगळा उठून दिसतो.

गोदामाला मात्र लोक उगाच कमी लेखतात. शिफ्ट असते, धूळ असते, भिवंडीचा रोजचा प्रवास असतो, हे खरं. पण साठा समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. सिस्टिममध्ये 750 वॅटचे 412 मिक्सर आहेत आणि मोजले तर 398 भरतात. चौदा गेले कुठे? चोरीचा संशय घेण्याआधी जाणता माणूस शेजारचा रॅक मोजतो. तिथे 500 वॅटचे चौदा जास्त निघाले, तर सारख्या दिसणाऱ्या खोक्यांत चुकीचा माल उचलला गेलाय आणि चौदा ग्राहकांची तक्रार येणार आहे. तिथेही जास्त नसेल, तर स्कॅन न करता गेलेला माल आणि तुटफुटीची नोंद तपासायची. बँक रिकन्सिलिएशन करणाऱ्याला ही शोधाशोध ओळखीची वाटेल.

राहिली वाहतूक. समृद्धी महामार्गाने नागपूर सुमारे 700 किलोमीटर. ई-वे बिलाला दर 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, म्हणजे चार दिवस. वाटेत ट्रक बिघडला तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घ्यावी लागते. रात्री अकराला ड्रायव्हरचा फोन येतो तो बहुधा यासाठीच. माल पोचल्यावर सही-शिक्क्याची बिल्टी परत आली नाही, तर ट्रान्स्पोर्टरचं बिल अडकतं. बिल्टीवर 'दोन खोकी फुटलेली' असा शेरा असेल, तर बिलातून किती कापायचं यावर वाद सुरू होतो. भाड्याची बिलं तपासणारा माणूस म्हणून बी.कॉम. झालेल्याला इथे प्रवेश तुलनेने सहज मिळतो.

सुरुवात कुठून करावी? फोनवर वाटाघाटी जमणाऱ्याने खरेदीचं सहायक पद शोधावं. प्लॅनिंग गाठायचं असेल, तर गोदामात साठा नियंत्रणाचं काम दोनेक वर्षं करणं जास्त फायद्याचं, कारण कुठला आकडा खरा आणि कुठला फुगवलेला, हे तिथेच कळतं. एक्सेलमध्ये पिव्होट आणि लुकअप सफाईने येणं दोन्हीकडे गृहीत धरलं जातं. एसएपी नोकरीत शिकता येतं, त्यासाठी आधीच महागडा कोर्स करायची घाई नको.