‘हे पूर्ण कर’ म्हणजे नेमके काय करायचे?

काकांचा पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे. कराराचा मसुदा एजंटकडून आला, वकिलांकडे गेला, होणाऱ्या भाडेकरूने पाहिला आणि शेवटी पुतणीच्या मेलमध्ये येऊन पडला. सोबत काकांचा मजकूर तीनच शब्दांचा: ‘हे पूर्ण कर.’ वर्डची फाईल उघडावी तर निम्मा मजकूर रंगीत. कुठे खोडलेले, कुठे अधोरेखित, उजव्या समासात कॉमेंटची रांग. उदाहरण काल्पनिक आहे, पण सोसायटीच्या इतिवृत्तापासून पीएचडीच्या प्रबंधापर्यंत अशी फाईल आज कोणाच्याही वाट्याला येते.

अशा वेळी हात आपोआप एका बटणाकडे जातो. Review या टॅबमध्ये Accept खाली Accept All Changes असा पर्याय असतो. तो दाबला की सगळे रंग जातात आणि फाईल स्वच्छ दिसते. हीच यातली सर्वांत धोक्याची जागा. रंगीत खूण म्हणजे झालेला बदल नव्हे, तो कोणीतरी सुचवलेला बदल असतो. सगळे एकदम स्वीकारणे म्हणजे तिन्ही पक्षांच्या सगळ्या मागण्या, एकमेकींच्या विरोधातल्यासुद्धा, मान्य करणे.

आपल्या करारातच पाहा. मूळ मसुद्यात होते, ‘जागा रिकामी करून हवी असल्यास मालकाने एक महिन्याची नोटीस द्यावी.’ वकिलांनी ‘एक’ खोडून ‘दोन’ लिहिले आणि पुढचे शब्दरूप जुळवून घेतले. भाडेकरूने त्याला हात न लावता शेजारी ‘तीन’ घातले. सगळे स्वीकारले की वाक्य होते, ‘दोन तीन महिन्यांची नोटीस द्यावी.’ मराठी डोळ्याला यात काहीच खटकत नाही. बोलतो तर आपण असेच. पण करारात याचा अर्थ काय लावणार? भांडण झाले तर मालक दोन म्हणणार आणि भाडेकरू तीन.

म्हणून आधी फाईलची प्रत करून मूळ फाईल बाजूला ठेवावी आणि प्रतीत All Markup हे दृश्य निवडावे. वर्ड बहुधा Simple Markup मध्ये उघडते. त्यात बदल झाल्यासारखा मजकूर दिसतो आणि समासात फक्त एक लाल रेघ असते. फोनवर नुसती उघडून पाहिली तर तेवढीही दिसेलच असे नाही. All Markup मध्ये बदलावर कर्सर नेला की कोणी आणि केव्हा केला ते कळते.

त्याआधी एक तपासणी बरेच जण टाळतात. ट्रॅकिंग बंद असताना केलेल्या बदलाला खूण नसते. एजंटचा पहिला मसुदा हाताशी असेल तर Review मधल्या Compare ने तो आणि आताची फाईल ताडून पाहावी. आपल्या करारात पहिल्या मसुद्यात अनामत 1,00,000 होती, आता 75,000 आहे, आणि त्या आकड्यावर एकही रंग नाही. यामागे लबाडीच असेल असे नाही, कोणाच्या तरी हातून ट्रॅकिंग बंद राहिले असेल. पण हे काकांना कळलेच पाहिजे.

आता एकेक खूण. शुद्धलेखन, जास्तीच्या स्पेस, नावातली वेलांटी हे बिनदिक्कत स्वीकारावे. रक्कम, मुदत, जबाबदारी बदलणाऱ्या खुणांना हात लावू नये. त्यांचा निर्णय काकांचा आहे, पुतणीचा नाही. आपण स्वतः काही लिहिणार असू तर ट्रॅकिंग चालू ठेवूनच लिहावे, म्हणजे आपला हात कुठे लागला ते दिसेल. खोडलेल्या मजकुराबाबत आणखी सावध राहावे. भाडेकरूने रंगकामाच्या खर्चाचे नववे कलम पूर्ण खोडले आहे आणि वकिलांची कॉमेंट त्याच कलमाला जोडलेली आहे: ‘मालकांना विचारल्याशिवाय काढू नये.’ खोडणे स्वीकारले की कलमाबरोबर ती कॉमेंटही नाहीशी होते. शिवाय पुढे ‘कलम 10 प्रमाणे’ असे हाताने टाइप केलेले असेल, तर दहाव्याचे नववे झाले तरी तो उल्लेख तसाच राहतो.

कॉमेंटचा न्याय वेगळा. ‘हे वाक्य सोपे करा’ ही सूचना आहे, ती अमलात आणावी. ‘मेंटेनन्स कोण भरणार?’ हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर फाईलमध्ये कुठेच नाही. इथे अंदाजाने ‘भाडेकरू’ लिहून टाकणे म्हणजे काम पूर्ण करणे नव्हे. मजकूर तसाच ठेवून कॉमेंट उघडी ठेवावी.

सर्वांत फसवी असते ती मिटलेली चर्चा. भाड्याच्या आकड्याला जोडून भाडेकरूने लिहिले, ‘24,000 जमेल का?’ काकांनी उत्तर दिले, ‘चालेल, पक्के.’ मग कोणीतरी Resolve दाबले आणि ती चर्चा समासातून दिसेनाशी झाली. कलमात मात्र अजून 25,000 च आहे. सहमती समासात झाली, मजकुरात उतरलीच नाही. म्हणून Comments ची पट्टी उघडून मिटवलेल्या कॉमेंटही वाचाव्यात आणि ठरलेले प्रत्यक्ष वाक्यात आले आहे का ते पाहावे.

एवढे झाल्यावर काकांना फाईल परत पाठवताना सोबत चार ओळी लिहाव्यात: ‘काका, शुद्धलेखनाचे बदल घेतले. भाडे तुमच्या उत्तराप्रमाणे 24,000 केले. चार गोष्टी तुम्ही सांगा: नोटीस दोन महिन्यांची की तीन, रंगकामाचे कलम ठेवायचे का, मेंटेनन्स कोण भरणार, आणि अनामत 75,000 तुम्हाला मान्य आहे का? ती खूण न ठेवता बदललेली दिसते.’ उत्तरे आली की ती मजकुरात घालावीत, खुणांची प्रत जपून ठेवावी आणि दुसऱ्या प्रतीत उरलेले सारे स्वीकारून स्वच्छ प्रत करावी. ही घाई नोंदणीआधीच संपलेली बरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या 55व्या कलमाप्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. एकदा नोंदला की ‘दोन तीन’ तसेच राहते.

स्वच्छ दिसणारी प्रत स्वच्छ असतेच असेही नाही. No Markup निवडले की खुणा फक्त लपतात आणि Resolve ने कॉमेंट पुसली जात नाही. ऑक्टोबर 2005 मध्ये लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांच्या हत्येवरचा संयुक्त राष्ट्रांचा मेहलिस अहवाल वर्ड फाईलच्या रूपात बाहेर गेला. त्यातले बदल उलगडले तेव्हा अंतिम मजकुरातून काढलेली सीरियातल्या बड्या अधिकाऱ्यांची नावे पत्रकारांना वाचता आली. तेव्हाचे अध्यक्ष बशर असद यांचा भाऊ माहेर त्यांत होता. आपल्या करारात इतके स्फोटक काही नसेल, पण ‘23,000 पर्यंत खाली यायला हरकत नाही’ ही काकांची जुनी कॉमेंट भाडेकरूच्या हाती पडू नये. बाहेर पाठवण्याआधी File, Info, Check for Issues, Inspect Document या वाटेने जाऊन कॉमेंट किंवा खुणा उरल्या आहेत का ते वर्डकडूनच तपासून घ्यावे. हे अर्थात स्वच्छ प्रतीवर करावे, खुणांच्या प्रतीवर नव्हे.

आणि फाईल पाठवणाऱ्या काकामंडळींना एक विनंती. ‘हे पूर्ण कर’ च्या पुढे आणखी दोन गोष्टी लिहा: वाद असेल तिथे कोणाचा शब्द शेवटचा, आणि परत काय हवे, खुणांसह प्रत की स्वच्छ प्रत.