पहिली आठवण: सूर मऊ, तारीख पक्की

‘आपले पेमेंट पाच दिवस थकले आहे. त्वरित भरणा करावा.’ कॅटलॉगचं डिझाइन करणाऱ्या एका मैत्रिणीने पाठवण्याआधी हा मेल मला दाखवला. बिल 38,500 रुपयांचं, 3 जूनचं, मुदत 15 दिवसांची, म्हणजे 18 जूनपर्यंतची. ग्राहक तीन वर्षांचा जुना आणि एरवी वेळेवर पैसे देणारा. अशा माणसाला पहिल्याच मेलमध्ये ‘थकले’ म्हटलं की तो दुखावतो.

मी तसं म्हटल्यावर तिने पार दुसरं टोक गाठलं: ‘सर, बिलाचं जरा बघाल का, सवडीने चालेल.’ ही चूक मला जास्त महागाची वाटते. ‘सवडीने’ लिहिलं की ग्राहक समजतो, मुदत वाढली. मऊ करायचा तो सूर. तारखेला हात लावायचा नाही.

लिहिण्याआधी तिला बँकेचं स्टेटमेंट तपासायला सांगितलं. टीडीएस कापून पैसे आले असतील, तर आकडा बिलाशी जुळत नाही आणि जमा झालेली रक्कम नजरेतून सुटते. खात्यात काहीच आलेलं नव्हतं. मग मेल असा झाला:

‘नमस्कार सर, बिल क्र. 47 (3 जून, रु. 38,500) याची मुदत 18 जूनला संपली. रक्कम अजून जमा झालेली दिसत नाही, म्हणून ही आठवण. बिल पुन्हा जोडलं आहे. शुक्रवार, 26 जूनपर्यंत रक्कम पाठवता येईल का? बिलात काही दुरुस्ती हवी असेल किंवा पैसे पाठवले असतील, तर कृपया कळवा.’

यात ‘तुम्ही दिले नाहीत’ असं कुठेच नाही. मुदत बिलाची संपली, रक्कम जमा झाली नाही. माणसावर ठपका येत नाही. तरीही दोन तारखा उघड आहेत. 18 जून लिहिणं गरजेचं, नाहीतर 26 जून हीच मूळ मुदत वाटते. शेवटच्या वाक्याने ग्राहकाला अवघडल्याशिवाय खरं कारण सांगायला जागा मिळते. सुरुवातीला ख्यालीखुशाली विचारायचा तिचा विचार होता, तो मी खोडला. पैशांसाठी केलेली विचारपूस लगेच ओळखू येते.

लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार नोंदणीकृत लहान पुरवठादाराला उशिरावर व्याज मागता येतं. पण पहिल्या आठवणीत त्याचा उल्लेख नको. ती भाषा वाद पेटल्यावरची.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बिलावर ग्राहकाचा पर्चेस ऑर्डर नंबर नव्हता, म्हणून अकाउंट्सने ते बाजूला ठेवलं होतं. तिने नंबर घालून बिल परत पाठवलं, अकाउंट्सचा पत्ताही मेलमध्ये घेतला. पैसे 26 तारखेला दुपारी जमा झाले.