किंमत आधी की खर्च आधी?

खर्च मोजून त्यावर नफा चढवावा आणि किंमत ठरवावी, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला मात्र आज लक्ष्य-परिव्यय म्हणजे टार्गेट कॉस्टिंग आणि जीवनचक्र-परिव्यय म्हणजे लाइफ सायकल कॉस्टिंग अशा दोन निराळ्या पद्धती शिकाव्या लागतात. त्यांचा जुन्या रीतीशी नेमका विरोध कोठे आहे, हे चार प्रश्नांच्या आधारे पाहू. उदाहरणासाठी बेळगावच्या उद्यमबागेतील एक कारखानदार कल्पू. त्याला पाण्याचा नवा घरगुती पंप काढावयाचा आहे.

पहिला प्रश्न : जुनी पद्धत काय सांगते?

ओतकाम, मोटार, मजुरी आणि कारखान्याचा वरखर्च मिळून पंपाला ४,२०० रुपये पडतात. विक्रीच्या किमतीवर शेकडा २० नफा हवा, म्हणून किंमत ५,२५० रुपये ठरते. हिशेबात चूक नाही. अडचण एवढीच, की तशाच पंपाला बाजारात ४,५०० रुपयांहून अधिक कोणी देत नाही; आणि हे कारखानदाराला कळते तेव्हा साचे तयार झालेले असतात.

दुसरा प्रश्न : लक्ष्य-परिव्ययात काय बदलते?

विचाराची दिशा. प्रथम किंमत, मग नफा आणि शेवटी खर्च. ४,५०० मधून ९०० रुपये नफा वजा केला की ३,६०० उरतात. हा झाला अनुज्ञेय खर्च. सध्याचा अंदाज त्याहून ६०० रुपयांनी जास्त आहे. ही तूट कागदावरच्या आराखड्यातच भरून काढावयाची असते, कारण धातू किती लागेल, सुटे भाग किती असतील, जोडणीला किती वेळ जाईल, हे सारे आराखडाच ठरवतो. एकदा साचा पडला की मुकादमाने कितीही काटकसर केली तरी थोडीच बचत होते. जपानात टोयोटा कारखान्याने १९६०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. तेथे तिला ‘गेन्का किकाकु’ म्हणतात.

आपल्याकडील ठळक उदाहरण २००९ साली बाजारात आलेल्या टाटा नॅनोचे. मोटार आकारास येण्यापूर्वीच तिची किंमत एक लाख रुपये ठरली होती. म्हणून तिला काच पुसणारा हात एकच ठेवला आणि चाकाला चारऐवजी तीनच नट लावले. खर्चाची बाजू अशी नेटाने सांभाळली गेली. तरीही अपेक्षेइतके गिऱ्हाईक मिळाले नाही आणि २०१८ साली उत्पादन थांबले. किंमत गाठली म्हणजे मागणी मिळतेच असे नाही, ही या पद्धतीची मर्यादा होय.

तिसरा प्रश्न : मग जीवनचक्र-परिव्यय कशासाठी?

वरील ३,६०० रुपये केवळ पंप घडविण्याचे आहेत. आराखडा, चाचण्या आणि साचे यांवर आधीच ८ लाख रुपये लागले. विक्रीनंतर हमीची दुरुस्ती, सुटे भाग आणि शेवटी साचे मोडीत काढणे यांवर आणखी ४ लाख जातील. पारंपरिक हिशेब या रकमा त्या त्या वर्षाच्या वरखर्चात घालून सर्व मालावर वाटतो. त्यामुळे हा पंप आपला भार स्वतः उचलतो की नाही, हे दिसतच नाही. जीवनचक्राचा हिशेब वर्षाचा नसून पंपाच्या सबंध आयुष्याचा असतो. चार वर्षांत २,००० पंप खपतील असे धरले, तर हे १२ लाख दर पंपामागे ६०० रुपये होतात. खरा खर्च ४,२०० आणि खरा नफा ९०० नव्हे, ३०० रुपये! पूर्ण ९०० हवे असतील, तर घडविण्याचा खर्च ३,००० वर आणावा लागेल. म्हणजे भरून काढावयाची तूट ६०० नसून १,२०० रुपयांची आहे.

चौथा प्रश्न : या दोन पद्धती एकमेकींना अडवतात काय?

एकटी लक्ष्य-पद्धत चालविली तर घात होऊ शकतो. समजा, हलके बेअरिंग घालून दर पंपामागे ६० रुपये वाचविले. २,००० पंपांवर १ लाख २० हजारांची बचत झाली. परंतु त्यामुळे २०० पंप अधिक दुरुस्तीला आले आणि प्रत्येकी ७५० रुपये लागले, तर १ लाख ५० हजार गेले. लक्ष्य गाठले, पण ३० हजारांचा तोटा पदरी पडला. म्हणून प्रत्येक बचतीला ‘हा खर्च खरोखर गेला की पुढे ढकलला गेला?’ असे विचारावे.

जीवनचक्राचा हिशेबही अंदाजावर उभा असतो. पंप २,००० ऐवजी १,००० च खपले, तर आराखड्याचा आणि साच्यांचा भार ४०० वरून ८०० रुपयांवर जातो. यास्तव दरवर्षी विक्रीचा आकडा पाहून हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

जुनी पद्धत यामुळे बाद होत नाही. गोदामातील मालाचे मूल्य आणि वर्षअखेरचा ताळेबंद यांसाठी ती लागतेच. घडून गेलेला खर्च ती चोख सांगते. पंप मुळात काढावा की नाही, हा प्रश्न मात्र साचा पाडण्यापूर्वी उरलेल्या दोघींना विचारावा.