दहा जुलैला कापले जाणारे १,४९९ रुपये

समजा, ३ जुलैच्या रात्री तुम्ही प्ले स्टोअरवरून फोटो सुधारण्याचं एखादं अॅप घेतलं. सात दिवस फुकट, म्हणून पैसे भरण्यासाठी यूपीआय निवडलं आणि पिन टाकला. आज ८ जुलै. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवलं, Payments & subscriptions मधून Subscriptions मध्ये गेलं, की ते अॅप तिथे दिसतं. त्यावर टॅप केल्यावर प्लॅनचं नाव, वर्षाला १,४९९ रुपये हा दर, १० जुलै ही तारीख, पैसे कुठून जाणार ते आणि तळाशी Cancel subscription.

या पडद्यावर सगळ्यात आधी तारीख वाचावी. ती ट्रायल संपण्याची आहे आणि पहिल्या वसुलीचीही. पण वसुली त्याच दिवशी होईल असं धरून चालू नका, कारण नवा कालावधी सुरू होण्याआधीच्या चोवीस तासांत कधीही पैसे घेण्याची मुभा प्ले स्टोअरच्या नियमांत आहे. म्हणजे १० तारखेला सकाळी उठून रद्द करू म्हणणाऱ्याचे पैसे ९ तारखेलाच गेलेले असू शकतात. नको असेल तर ८ तारीख हाच बरा दिवस.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे दर. सुरुवातीला अॅपने ‘महिना १२५ रुपये’ असं ठळक दाखवलं असेल आणि वार्षिक रक्कम खाली बारीक अक्षरांत. हिशेब खोटा नाही, बाराने भागून काढलेला आहे, पण खात्यातून जाणार ते एकदम १,४९९. बिलिंगच्या पडद्यावरचाच आकडा खरा मानावा.

आता पिनचं बघू. ३ जुलैला पैसे गेले नाहीत, मग पिन कशाला मागितला? त्या पिनने तुम्ही बँकेला पुढच्या वसुलीची परवानगी देऊन ठेवली. यूपीआय अॅपमध्ये तिला ऑटोपे किंवा मँडेट म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा मँडेटवरची १५,००० रुपयांपर्यंतची वसुली दर वेळी पिन किंवा ओटीपी न मागता होऊ शकते, त्यामुळे १,४९९ जाताना फोन काही विचारणार नाही. मात्र वसुलीच्या किमान चोवीस तास आधी रक्कम आणि तारीख कळवणारा संदेश यावा लागतो. तो बँकेच्या इतर मेसेजच्या ढिगात पडतो, शिवाय त्यात अॅपऐवजी प्ले स्टोअरचं नाव असू शकतं. ओळख पटवायची ती रकमेवरून.

रद्द करायचं तर Cancel subscription दाबा. कारण विचारतील, कधी सवलतही पुढे करतील. ते ओलांडून शेवटच्या होकारापर्यंत जायला हवं. लोक इथेच अर्ध्यावर थांबतात आणि काम झालं असं समजतात. झालं की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे: त्या अॅपसमोर आता रद्द झाल्याची नोंद दिसते, पुढच्या वसुलीऐवजी सेवा कधी संपणार ती तारीख येते आणि ई-मेलही येतो. ट्रायल सहसा लगेच बंद होत नाही, १० तारखेपर्यंत अॅप चालूच राहतं. म्हणून फुकटचे दोन दिवस वाया जातील या भीतीने थांबण्यात अर्थ नाही.

फोनमधून अॅप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन संपलं, हा समज सर्रास आढळतो. अॅप जातं, सबस्क्रिप्शन गूगल खात्यावर जिवंत राहतं. यादी रिकामी दिसली तरी निर्धास्त होऊ नका. एकाच फोनवर दोन जीमेल खाती असतात आणि खरेदी दुसऱ्यावरून झालेली असते. खातं बदलूनही काही दिसत नसेल, तर पैसे थेट कंपनीच्या वेबसाइटवर भरायचं ठरलं असावं. तसं असेल तर प्ले स्टोअरचा इथे संबंध नाही, रद्दही त्या वेबसाइटवरच्या आपल्या खात्यातून करावं लागतं.

नुसतं यूपीआय अॅपमधलं मँडेट रद्द केलं तर? त्या वाटेने पैसे जाणार नाहीत हे खरं. पण सबस्क्रिप्शन चालूच राहतं, वसुली फसते आणि पैसे भरण्याचा दुसरा मार्ग द्या अशा सूचना येत राहतात. म्हणून आधी सबस्क्रिप्शन रद्द करावं, मग ऑटोपेच्या यादीत ते मँडेट अजून उभं आहे का ते पाहून तेही काढावं.

पैसे गेलेच असतील, तर पहिल्या ४८ तासांत प्ले स्टोअरकडे परताव्याची मागणी नोंदवता येते. मिळेलच अशी हमी नाही. त्यानंतर मागायचं ते अॅप बनवणाऱ्याकडे. आणि परतावा मागताना सबस्क्रिप्शन खरंच रद्द झालंय ना, तेही पाहून घ्या; नाहीतर पुढच्या जुलैत तेवढेच पैसे पुन्हा जातील.