चेंडूमागची शेपटी

क्रिकेटच्या व्हिडिओ गेममध्ये फलंदाज उंच फटका मारतो, चेंडू आकाशात झेपावतो आणि काही गेममध्ये त्याच्यामागे एक काळपट, विरळ होत जाणारी शेपटी लांबच लांब ओढली जाते. ग्राफिक्सवाले या प्रकाराला घोस्टिंग म्हणतात. मॉनिटर संथ असला तरी असाच माग दिसतो, त्यामुळे दोष कुणाचा हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी नेमक्या त्या क्षणी स्क्रीनशॉट घ्यावा. मॉनिटरचा दोष स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. शेपटी तिथेही दिसत असेल, तर ती गेमनेच रंगवलेली आहे.

गेम ती रंगवतो ते एका चांगल्या कामाच्या ओघात. प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवताना ग्राफिक्स कार्ड साधारणपणे त्या पिक्सेलमधला एकच बिंदू तपासतं. तिथे बॅट असेल तर अख्खा पिक्सेल बॅटचा, नसेल तर अख्खा आकाशाचा. म्हणून बॅटची तिरपी कड पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. एका पिक्सेलमधले आठ बिंदू तपासून सरासरी काढली तर कड मऊ होते, पण काम जवळपास आठपट वाढतं आणि सेकंदाला ६० फ्रेम काढायच्या असताना ते परवडत नाही. टेम्पोरल अँटी-एलियासिंग, म्हणजे टीएए, हे काम अनेक फ्रेममध्ये वाटून देतं. दर फ्रेमला पिक्सेलमागे एकच बिंदू तपासायचा, पण प्रत्येक वेळी संपूर्ण दृश्य पिक्सेलभराहूनही कमी अंतराने सरकवायचं. आठ-सोळा फ्रेममध्ये पिक्सेलचा सगळा भाग तपासून होतो.

जुन्या फ्रेम वेगवेगळ्या साठवत बसण्याची गरज नसते. आतापर्यंतचा सगळा हिशेब एकाच साठवलेल्या चित्रात असतो, त्याला हिस्टरी म्हणतात. नवीन फ्रेम आली की हिस्टरीचे ९० टक्के आणि नव्या रंगाचे १० टक्के मिसळायचे. जे मिश्रण होईल तेच पडद्यावर दाखवायचं आणि तीच पुढच्या फ्रेमची हिस्टरी. दृश्य स्थिर असेल तर कडा सुरेख दिसतात.

आता चेंडू हलवू. आकाशाची उजळता २०० धरा, चेंडूची २०. चेंडू ६० पिक्सेल रुंद आहे आणि दर फ्रेमला १२ पिक्सेल उजवीकडे सरकतो. म्हणजे त्याच्या वाटेतल्या मधल्या पिक्सेलवर तो जेमतेम ५ फ्रेम असतो. तेवढ्या वेळात मिश्रण २०० वरून १२६ पर्यंतच उतरतं. चेंडूला त्याचा स्वतःचा गडद रंग कधी मिळतच नाही. तो पुढे गेल्यावर उरलेला काळपटपणा दर फ्रेमला फक्त दहा टक्क्यांनी घटतो आणि त्याचा दहावा हिस्सा उरेपर्यंत २२ फ्रेम जातात. २२ फ्रेममध्ये चेंडू २६४ पिक्सेल पुढे गेलेला असतो. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ही शेपटी पडद्याच्या सातव्या हिश्श्याएवढी भरते.

चूक हिस्टरीत नाही, ती कुठे शोधली यात आहे. पडद्यावरच्या त्याच जागी मागच्या फ्रेमला वेगळीच वस्तू होती. म्हणून गेम प्रत्येक पिक्सेलबरोबर एक मोशन व्हेक्टरही लिहून ठेवतो, म्हणजे इथे दिसणारी वस्तू मागच्या फ्रेमला पडद्यावर कुठे होती याची नोंद. ती काढण्यासाठी वस्तूच्या प्रत्येक कोपऱ्याची जागा दोनदा मोजावी लागते. एकदा आजची वस्तू आणि आजचा कॅमेरा घेऊन, एकदा मागच्या फ्रेमची वस्तू आणि मागच्या फ्रेमचा कॅमेरा घेऊन. धावणाऱ्या गोलंदाजासाठी त्याच्या सांगाड्याची मागची स्थितीही जपावी लागते. इथे हलगर्जी झाली की ती लगेच दिसते. वाऱ्याने हलणाऱ्या झाडाची पानं आजच्या वेळेनुसार हलवली, पण मागच्या वेळेची जागा मोजलीच नाही, तर व्हेक्टर शून्य येतो आणि झाडाची पानं पुसट होतात. व्हेक्टरच रंगांच्या रूपात पडद्यावर दाखवून पाहिले, तर हलणारं झाड तिथे निश्चल दिसतं आणि चूक सापडते.

आता चेंडूवरचा पिक्सेल हिस्टरी १२ पिक्सेल डावीकडे शोधतो. तिथे त्याला चेंडूच सापडतो आणि चेंडू स्वच्छ, गडद दिसू लागतो. पण शेपटी जात नाही, उलट ती सुरुवातीला आणखी गडद होते! चेंडू नुकताच जिथून सरकला तिथे आता आकाश आहे. आकाश स्थिर, त्याचा व्हेक्टर शून्य. म्हणून तो पिक्सेल मागच्या फ्रेममधल्या त्याच जागी पाहतो आणि तिथे चेंडू असतो, तोही आता पूर्ण २० चा. मिश्रण ३८ येतं, पुढच्या फ्रेमला ५४. व्हेक्टर बिनचूक आहे, पण आकाशाचा हा तुकडा मागच्या फ्रेममध्ये चेंडूआड झाकलेला होता. ज्याची हिस्टरीच नाही तिला कुठेही शोधून ती सापडणार नाही.

इथे हिस्टरी क्लॅम्पिंग कामी येतं. एपिक गेम्सच्या ब्रायन कॅरिस यांनी २०१४ च्या सिग्राफ परिषदेत अनरियल इंजिन ४ मधली आपली पद्धत मांडली, तिच्या गाभ्याशी हीच युक्ती होती. आजच्या फ्रेममध्ये तो पिक्सेल आणि त्याच्या भोवतीचे आठ पाहायचे. त्यांतला सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ रंग ही मर्यादा. हिस्टरी तिच्या बाहेर गेली तर तिला मर्यादेवर आणून ठेवायचं:

```
history = clamp(history, minColor, maxColor);
result  = lerp(history, current, 0.1);
```

आपल्या पिक्सेलभोवती आकाश १९६ ते २०४ आहे. हिस्टरी २० सांगते, तिला १९६ केलं जातं आणि मिश्रण १९६.४ येतं. एका फ्रेममध्ये शेपटी संपली. हिस्टरी सरळ फेकून का देत नाहीत? कारण मग तिथे पायऱ्या लगेच उघड्या पडतात. क्लॅम्पिंग मर्यादेत बसणारी हिस्टरी तशीच राहू देतं, हे मला त्याचं खरं शहाणपण वाटतं.

मर्यादा शेजाऱ्यांवरून ठरते, हीच तिची दुबळी बाजू. चेंडू आकाशाऐवजी प्रेक्षकांच्या गर्दीवरून गेला, तर तिथे नऊ पिक्सेलमध्येच १५ पासून २२० पर्यंत सगळं असू शकतं. चेंडूचा २० त्यात आरामात बसतो आणि शेपटी वाचते. एनव्हिडियाच्या मार्को साल्वी यांनी २०१६ मध्ये यावर सुधारणा सुचवली: टोकाचे दोन रंग न घेता नऊ पिक्सेलची सरासरी आणि त्यांचं विचलन यांवरून मर्यादा आखायची. एखादाच विजोड पिक्सेल मग मर्यादा ताणू शकत नाही. पण मर्यादा फार आवळली की दुसरं दुखणं सुरू होतं. मैदानावरची बारीक तार काही फ्रेममध्ये तपासबिंदूंच्या मधूनच निसटते. त्या फ्रेमला नऊही पिक्सेल आकाशाचे असतात, तारेची खरी हिस्टरी खोटी ठरवून पुसली जाते आणि तार लुकलुकू लागते.

धूर आणि काच यांच्या बाबतीत एका पिक्सेलमध्ये दोन वस्तू दिसतात, व्हेक्टर मात्र एकाचाच लिहिता येतो. सावलीचा तर व्हेक्टरच नसतो. चेंडूची सावली मैदानावरून धावते, पण त्या पिक्सेलवर असलेलं गवत हललेलं नसतं, म्हणून तिथे शून्य लिहिलेलं असतं. सावलीमागचा माग रोखायला एकटं क्लॅम्पिंग उरतं, आणि गवताच्या उजळ-गडद पात्यांमध्ये त्याची मर्यादा नेमकी सैल असते. म्हणून गेममध्ये घोस्टिंग तपासायचं असेल, तर चेंडूकडे न बघता गवतावरच्या त्याच्या सावलीकडे बघावं.