खांद्यावरून खांद्यावर: एका जीर्ण खिरक्याची गोष्ट

थोरल्या भावाचा कोट धाकट्याला, धाकट्याचा चुलत भावाला, असे आपल्या घरांत चालतच आले आहे. कोपरावर विरलेला, आतून रफू केलेला असा कोट अंगावर चढला की घरातले कुणीतरी म्हणतेच, "अरे, हा तर अब्बांचा!" कापड तेच असते, पण त्या एका वाक्याने ते नुसते कापड राहत नाही. सुफी परंपरेत अशाच एका वापरलेल्या वस्त्राला खिरका म्हणतात. खिरका म्हणजे इतर कपड्यांवरून घ्यायचा सैल झगा, बहुधा जाडाभरडा आणि ठिगळांचा. चिश्ती बुजुर्गांचा असा एक खिरका सुमारे सव्वाशे वर्षे खांद्यावरून खांद्यावर फिरला. त्याच्या गोष्टीचे धागे आपल्या मराठवाड्यापर्यंत येऊन पोहोचतात.

आधी एक फरक लक्षात घेऊ. पीर-मुर्शिद अनेकांना खिरका देत. मुरीद झाल्याची खूण म्हणून मिळे तो खिरका-ए-इरादत. केवळ बरकत म्हणून मिळे तो खिरका-ए-तबर्रुक. पण ज्याला आपली जागा सोपवायची, त्याला मुर्शिद स्वतःचे वापरातले वस्त्र देत. त्यासोबत मुसल्ला, काठी आणि लाकडी खडावाही जात. आपली गोष्ट आहे ती या शेवटच्या खिरक्याची.

इ.स. 1235 मध्ये दिल्लीत हजरत कुतबुद्दीन बख्तियार काकी (रह.) यांचा इंतकाल झाला. जागेची आशा धरणारे काहीजण जवळच होते. तरी त्यांनी वसीयत केली की खिरका फरीदुद्दीन यांना द्यावा. फरीदुद्दीन त्या वेळी हांसीला, म्हणजे आजच्या हरियाणात होते. ते दिल्लीत पोहोचेपर्यंत दफन होऊन गेले होते. खिरका मात्र काझी हमीदुद्दीन नागौरी यांच्याकडे जपून ठेवलेला होता. फरीदुद्दीन यांनी तो अंगावर घेतला, नमाज पढली आणि मुर्शिदांच्या जागी बसले.

पण फार दिवस नाही. हांसीचा एक जुना ओळखीचा माणूस त्यांना भेटायला दिल्लीला आला, तर दारावरच्या माणसाने त्याला आतच सोडले नाही. बाबा बाहेर आले तेव्हा तो पायाशी पडून रडू लागला. हांसीत तुम्ही सहज भेटायचात, इथे भेट मिळेना, अशी त्याची तक्रार होती. ते ऐकून बाबांनी दिल्ली सोडायचे ठरवले. लोकांनी अडवले, पण मुर्शिदांनी दिलेली नेमत शहरात आणि रानातही सारखीच सोबत राहील, असे त्यांनी सांगितले. खिरका राजधानीतून निघाला आणि पुढे अजोधनला, म्हणजे आजच्या पाकपट्टणला पोहोचला.

या दुसऱ्या धन्याला, बाबा फरीद गंजशकर (रह.) यांना, जुन्या कपड्याचे मोल ठाऊक होते. एकदा त्यांचा कुर्ता फाटला होता म्हणून कुणीतरी नवा आणून दिला. त्यांनी तो घातला आणि लगेच काढून आपले भाऊ नजीबुद्दीन यांना देऊन टाकला. जुन्यात जो आनंद होता तो यात मिळत नाही, इतकेच ते म्हणाले. दिवसा ज्या घोंगडीवर ते बसत, तीच रात्री पांघरत. ती पायांपर्यंत पुरत नसे, म्हणून पायांवर वेगळा तुकडा टाकावा लागे. मुर्शिदांकडून आलेली काठी उशाशी असे.

1265 मध्ये बाबांचा अखेरचा वेळ आला. त्यांचे लाडके मुरीद हजरत निजामुद्दीन (रह.) त्या वेळी दिल्लीत होते. बाबांनी त्यांची आठवण काढली. माझे मुर्शिद गेले तेव्हा मीही जवळ नव्हतो, हांसीला होतो, असे ते म्हणाले. खिरका, मुसल्ला आणि काठी निजामुद्दीन यांना द्यायचे ठरले. बाबांना मुलगे होते आणि हा निर्णय त्यांना रुचला नाही. वडिलांची वस्तू आपलीच, असे कोणत्याही मुलाला वाटणारच. पण खिरक्याचा वारसा रक्ताने जात नव्हता. बाबांचे जावई मौलाना बदरुद्दीन इसहाक यांनी अमानत सांभाळली आणि निजामुद्दीन अजोधनला आल्यावर त्यांच्या हाती दिली. दोन्ही वेळा वारस दूर होता, आणि दोन्ही वेळा खिरका तिसऱ्याच माणसाच्या इमानदारीवर टिकला.

हजरत निजामुद्दीन औलिया 1325 मध्ये पर्दा करून गेले. त्याआधी त्यांनी आपला खिरका हजरत नसीरुद्दीन (रह.) यांना दिला. लोक त्यांना 'चिराग-ए-दिल्ली' म्हणत. त्यांच्यावर एका कलंदराने सुरीने वार केले होते, तरी त्यांनी त्याला माफ केले. 1356 मध्ये, रमजान महिन्यात, त्यांचा अखेरचा वेळ आला. कुणाला वारस नेमावे म्हणून मुरीदांच्या नावांची यादी पुढे ठेवण्यात आली. यादी पाहून ते म्हणाले, यांनी आपापल्या ईमानाचे ओझे सांभाळले तरी पुष्कळ, दुसऱ्यांचे ओझे कसले उचलणार! त्यांच्या वसीयतीप्रमाणे खिरका कबरीत त्यांच्या छातीवर ठेवला गेला आणि काठी बाजूला ठेवली गेली. तसबीह, लाकडी वाडगा आणि खडावाही सोबत गेल्या. खिरक्याचा प्रवास तिथेच संपला.

मय्यतीला गुस्ल देणाऱ्यांत सय्यद मुहम्मद हुसैनी होते. त्यांच्या हाती काहीच आले नव्हते. सांगतात की ज्या खाटेवर गुस्ल दिला, तिची दोरी त्यांनी सोडवून गळ्यात घातली आणि म्हणाले, हाच माझा खिरका. हेच पुढे दख्खनमध्ये आलेले ख्वाजा बंदानवाज गेसूदराज (रह.). गुलबर्ग्याच्या उरुसाला नांदेड-लातूरकडून जाणाऱ्यांना त्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको.

दुसरा धागा खुलताबादचा. हजरत निजामुद्दीन यांचे आणखी एक खलिफा, हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.), दिल्लीहून दख्खनमध्ये आले आणि 1337 मध्ये खुलताबादला दफन झाले. त्यांचे वारस हजरत जैनुद्दीन शिराझी (रह.) यांना लोक 'बाईस ख्वाजा' म्हणतात. त्यांचा इंतकाल 1369 चा. त्यांनीही आपल्या जागी कुणाला नेमले नाही. त्यांच्या दर्ग्यात पैराहन-ए-मुबारक जपलेले आहे. मुर्शिदांच्या साखळीतून आलेले हे वस्त्र प्रत्यक्ष हुजूर (सल्ल.) यांचे आहे, अशी तिथली श्रद्धा आहे. ते वर्षभर कुलपात असते आणि 12 रबिउल अव्वलला जियारतीसाठी खुले होते. वारस न उरल्यावर दिल्लीने आपली अमानत मातीला दिली, खुलताबादने पेटीला.

मग दिल्लीच्या त्या खिरक्याची गोष्ट आपल्याला कशी कळली? कवी अमीर हसन सिज्जी 1308 पासून हजरत निजामुद्दीन यांच्या मैफलीतले बोल लिहून ठेवत होते. त्यांचा ग्रंथ म्हणजे 'फवाइद-उल-फुआद'. पुढे तेही दिल्लीहून दौलताबादकडे आले. त्यांची कबर खुलताबादला आहे. खिरका दिल्लीच्या मातीत विरून गेला, पण तो कुणी दिला, कुणी सांभाळला आणि कुणी अंगावर घेतला, हे लिहून ठेवणारा माणूस आपल्या मराठवाड्याच्या मातीत निजला आहे. घरातल्या पेटीत डांबरगोळ्या टाकून ठेवलेल्या दादांच्या शेरवानीचेही तसेच आहे. ती कुणाच्या निकाहात शिवली, कुणाकडून कुणाकडे आली, हे सांगणारे तोंड आहे तोवर ती दादांची शेरवानी आहे. ते तोंड मिटले, की उरते ते जुने कापड.