दहा गुण कुठे गेले?

टेंडर हातचं गेलं की पहिला शब्द ऐकू येतो तो ‘रेट’. समजा, जागतिक बँकेच्या कर्जावरच्या प्रकल्पात सल्लागार नेमायचा आहे. तांत्रिक प्रस्तावाला ८० टक्के वजन, किमतीला २०. तुमची किंमत ४० लाख, सगळ्यांत कमी, म्हणून किमतीचे १०० पैकी १००. तांत्रिक गुण ७८. जिंकलेल्याची किंमत ४६ लाख, तांत्रिक गुण ८८. एकूण बेरीज तुमची ८२.४, त्याची ८७.८. तुम्ही ३० लाखांवर उतरला असता, तरी तो सुमारे एका गुणाने पुढेच राहिला असता. रेटचं रडगाणं इथेच संपवावं.

काम कोणाला द्यायचं ठरलं हे कळवणाऱ्या पत्रात प्रत्येक निकषाचे गुण दिलेले असतात. ते मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला, तर पुढच्या पाच दिवसांत तो सहसा मिळतो. दुसऱ्याच्या प्रस्तावातली गुपितं तिथे सांगत नाहीत, त्यामुळे ‘त्याला जास्त का?’ हा प्रश्न वाया जातो. ‘आमच्या टीम लीडरचे गुण कोणत्या उपनिकषात कापले?’ असं विचारावं. अनेकदा माणूस अनुभवी असतो, पण बायोडाटा जुनाच चिकटवलेला असतो आणि या कामाशी जुळणारा अनुभव चौथ्या पानावर दडलेला असतो. परीक्षक तो शोधत बसत नाही, आणि का बसावं? पुढच्या वेळी उपनिकषांच्याच क्रमाने बायोडाटा नव्याने लिहावा. प्रत्येक कामापुढे वर्ष, जागा आणि स्वतःची नेमकी जबाबदारी. माणूसच कमी पडत असेल, तर मात्र लिखाणाने भागत नाही. दुसरा शोधावा लागतो.